'मी' म्हणजे नेमका कोण? दुसऱ्याचं बोलणं सांगताना मराठी काय करते

"तो मला म्हणाला की मी तुला बघून घेतो."

गल्लीत भांडण झालं आणि माणूस चौकीत तक्रार द्यायला गेला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. समोरचा हवालदार ते शांतपणे ऐकतो आणि लिहून घेतो. 'मी तुला बघून घेतो' असं कुणीतरी थेट आपल्याला म्हणतंय, असं त्याला क्षणभरही वाटत नाही. याच वाक्यात 'मला' म्हणजे तक्रार देणारा. पुढच्या चार शब्दांत मात्र सगळं फिरतं. 'मी' म्हणजे धमकी देणारा आणि 'तुला' म्हणजे पुन्हा तक्रार देणाराच. एकाच वाक्यात एकच माणूस आधी 'मला' होतो आणि मग 'तुला' होतो, तरी ऐकणारा अडखळत नाही.

हे कसं घडतं, कुठे घडत नाही, आणि कुठे अर्धवट घडल्यामुळे गोंधळ होतो, ते या लेखात बघू.

मूळ गोष्ट अशी. 'आंबा', 'धावणे', 'नाशिक' या शब्दांचा अर्थ कुणीही उच्चारले तरी तोच राहतो. 'मी', 'तू', 'इथे', 'तिकडे', 'आज', 'उद्या', 'आत्ता' यांचं तसं नाही. हे शब्द बोट दाखवतात, आणि बोट कुणाचं, कुठून, कधी दाखवलेलं आहे ते कळल्याशिवाय त्यांना अर्थ पुरा मिळत नाही. अशा शब्दांच्या या गुणधर्माला भाषाविज्ञानात डायक्सिस म्हणतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर याने १९३४ साली भाषेवरच्या आपल्या ग्रंथात त्याची जी मांडणी केली, ती आजही सगळ्यात सोपी आहे. प्रत्येक बोलणाऱ्यापाशी एक मूळबिंदू असतो आणि तो तीन गोष्टींनी बनतो: मी, इथे, आत्ता. बोट दाखवणारे सगळे शब्द त्या बिंदूपासून मोजले जातात. बोलणारा बदलला की बिंदू बदलतो, आणि शब्द तेच राहूनही अर्थ वेगळा होतो.

नाशिकमध्ये जागेच्या बाबतीत हे समजायला गोदावरी पुरते. जुनं नाशिक एका काठावर आहे, पंचवटी दुसऱ्या काठावर. रविवार कारंज्यावर उभा असलेला माणूस 'पलीकडे' म्हणतो तेव्हा पंचवटी, आणि पंचवटी कारंज्यावरचा माणूस 'पलीकडे' म्हणतो तेव्हा जुनं नाशिक. 'पुलाच्या अलीकडे रिक्षा थांबव' हे वाक्य रिक्षा कुठून येते आहे ते माहीत नसेल तर निरुपयोगी आहे. 'गंगेवर भेटू' हे मात्र दोन्ही काठांवरून चालतं, कारण 'गंगेवर' हे इथल्या लोकांसाठी जागेचं नाव झालेलं आहे आणि त्याला मूळबिंदू लागत नाही.

क्रियापदंही बोट दाखवतात. 'येणे' हे बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या दिशेने असतं, 'जाणे' त्यांच्यापासून दूर. 'मी उद्या तुमच्याकडे येतो' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याची जागा बिंदू धरतो. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, म्हणजे परत येण्याच्या बाजूने बोलतो. म्हणूनच 'मामा येतो म्हणून गेले' या वाक्यात मराठी माणसाला काहीच विसंगत दिसत नाही. 'येतो' मामांच्या बिंदूवरून आहे आणि 'गेले' सांगणाऱ्याच्या.

आता खरा प्रश्न. आपण दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला सांगतो तेव्हा दोन बिंदू एकाच वाक्यात येतात: मूळ बोलणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा. मग आतल्या वाक्यातले 'मी', 'इथे', 'उद्या' कुणाच्या बिंदूवरून मोजायचे?

शाळेत इंग्रजीच्या तासाला याचं एक कडक उत्तर मिळतं. अप्रत्यक्ष कथन करताना 'मी'चा 'तो' करा, 'उद्या'चं 'दुसऱ्या दिवशी' करा, 'इथे'चं 'तिथे' करा, आणि क्रियापदाचा काळही मागे ढकला. म्हणजे सगळं उचलून सांगणाऱ्याच्या बिंदूवर आणून ठेवा. हेच नियम मग मराठी व्याकरणातही शिकवले जातात आणि मुलं 'तो म्हणाला की तो दुसऱ्या दिवशी येणार होता' असली वाक्यं वहीत लिहितात. घरी मात्र कुणी तसं बोलत नाही. घरी आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' हे अशुद्ध मराठी नव्हे. ही मराठीची स्वतःची पद्धत आहे आणि तिला तिचे नियम आहेत.

काळाचंच बघा. तो सोमवारी आजारी होता आणि तसं म्हणाला. गुरुवारी मी ते सांगताना 'तो म्हणाला की मी आजारी आहे' किंवा 'तो म्हणाला की त्याला बरं नाहीये' असंच म्हणेन. 'आहे', 'नाहीये' ही वर्तमानकाळाची रूपं सोमवारची आहेत, गुरुवारची नाहीत. मराठीत आतल्या वाक्याचा काळ मूळ बोलण्याच्या वेळेवरून मोजला जातो, त्याला मागे ढकलावं लागत नाही. उलट 'तो म्हणाला की मी आजारी होतो' म्हटलं, तर अर्थच बदलतो: तो बोलला त्याच्याही आधी आजारी होता.

माणूस दाखवणाऱ्या शब्दांसाठी मराठीकडे एक नव्हे, बऱ्याच रचना आहेत, आणि प्रत्येकीत बिंदू वेगळ्या ठिकाणी बसतो.

एका टोकाला 'म्हणे'. 'तो उद्या येणार म्हणे' म्हणजे असं कानावर आलं आहे. आता 'मी उद्या येणार म्हणे' म्हणून बघा. इथे 'मी' हा आत्ता बोलणाराच. आपल्याविषयी कुणीतरी परस्पर काहीतरी सांगितलं आहे, एवढाच अर्थ निघतो. 'म्हणे' जोडल्यावर आतला 'मी' दुसऱ्या कुणाचा होतच नाही, आणि 'उद्या'ही सांगणाऱ्याचाच राहतो.

दुसऱ्या टोकाला 'म्हणून'. 'मी येतो म्हणून सांगत होता' यातला 'मी' सांगत असलेल्या त्या माणसाचा, यात सहसा शंका राहत नाही.

'की' या दोघांच्या मधे आहे. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' यातला 'मी' बहुतेकदा 'तो' असतो, पण नेहमी नाही. 'सर म्हणाले की मी पास झालो' हे वाक्य निकालाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या तोंडून आलं तर 'मी' म्हणजे विद्यार्थीच. 'की'नंतर बिंदू कुठे आहे हे 'की' सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने परिस्थितीवरून ठरवायचं असतं.

आणि चौथी वाट, जी मला सगळ्यात हुशारीची वाटते, ती म्हणजे प्रश्नच उडवून टाकण्याची. वडील मुलाला सांगतात, "भाऊला म्हणावं, लवकर ये." मुलगा काकांना जाऊन 'बाबा म्हणाले की लवकर ये' असं म्हणणार नाही, कारण तोंडातून काकांना 'ये' गेलं तर ते उद्धट वाटेल. तो म्हणतो, "काका, बाबांनी तुम्हाला लवकर यायला सांगितलंय." 'यायला' या रूपाला ना पुरुष आहे, ना काळ, ना मान-अपमान. वडिलांचा 'ये' आणि मुलाचा 'या' यांतला फरक त्यात विरघळून जातो. मानाचा दर्जाही बोलणाऱ्याच्या बिंदूवरूनच ठरतो, आणि निरोप्या तो स्वतःच्या बिंदूवर आणून ठेवतो. हे मुलांना कुणी शिकवत नाही, तरी सात-आठ वर्षांची मुलं ते बिनचूक करतात.

'की'नंतरच्या 'मी'बद्दल एक आक्षेप येतो. कुणी म्हणेल, यात विशेष काय? ते सरळ अवतरण आहे, फक्त अवतरणचिन्हं लिहिलेली नाहीत. माणूस दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवतो आहे, आणि अवतरणात 'मी' मूळ बोलणाऱ्याचाच असणार.

हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्यावर तत्त्वज्ञानात एक मोठा सिद्धांत उभा होता. डेव्हिड कॅप्लन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७७ पासून फिरत असलेल्या आणि १९८९ साली छापल्या गेलेल्या निबंधात असा दावा केला की, अवतरण सोडलं तर 'मी' हा नेहमी प्रत्यक्ष बोलणाऱ्याकडेच बोट दाखवतो. 'मी'चा रोख दुसऱ्याकडे वळवू शकेल अशा कल्पित शब्दांना त्याने चक्क राक्षस म्हटलं आणि असे राक्षस भाषेत नसतात असं सांगितलं. इंग्रजीपुरतं पाहिलं तर ते पटण्यासारखं होतं. पुढे २००३ साली फिलिप श्लेंकर याने इथिओपियातल्या अम्हारिक भाषेचं उदाहरण घेऊन दाखवलं की तिथे 'जॉन म्हणतो की मी शूर आहे' या अर्थाच्या वाक्यात अवतरण नसतानाही 'मी' म्हणजे जॉन असू शकतो. त्यानंतरच्या वर्षी प्रणव आनंद आणि अँड्र्यू नेव्हिन्स यांनी पूर्व तुर्कस्तानात बोलल्या जाणाऱ्या झाझाकी भाषेबद्दल तेच दाखवलं, आणि आणखी एक गोष्ट नोंदवली: तिथे 'म्हणणे'च्या आतले हे शब्द वळले तर सगळे एकत्र वळतात. 'मी' वळला आणि 'तू' वळला नाही, असं चालत नाही.

मग मराठीचं काय? ते अवतरण आहे की खरंच वळलेला 'मी'? हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. अवतरण म्हणजे बंद पेटी: आतले शब्द मूळ बोलणाऱ्याचे, बाहेरच्याला त्यात हात घालता येत नाही. म्हणून सांगणाऱ्याचा स्वतःचा एखादा शब्द आत घालून बघायचा. प्रश्नार्थक शब्द त्याला उत्तम. घरात आपण सर्रास विचारतो, "कधी येईन म्हणाला तो?" किंवा "पैसे केव्हा देईन म्हणाला?" आता 'येईन', 'देईन' ही प्रथमपुरुषी रूपं आहेत, 'येईल', 'देईल' नव्हेत. म्हणजे ती त्याच्या बिंदूवरून आहेत. पण 'कधी' आणि 'केव्हा' हे शब्द त्याने उच्चारलेच नव्हते. तो 'सोमवारी देईन' म्हणाला असेल. प्रश्न विचारणारा आपला प्रश्न त्याच्या वाक्याच्या पोटात ठेवतो आहे, आणि तरी क्रियापद त्याचंच राहिलं आहे. हे निव्वळ अवतरण असू शकत नाही. कॅप्लनने नाकारलेला राक्षस आपल्या स्वयंपाकघरात रोज बोलतो, एवढं या छोट्या प्रश्नावरून म्हणता येतं.

सुरुवातीच्या धमकीकडे आता पुन्हा बघितलं तर हवालदार का चुकत नाही तेही दिसतं. 'मी'चा रोख धमकी देणाऱ्याकडे गेला की 'तुला'चाही त्याच्या समोरच्याकडे जातो. दोन्ही एकत्र वळले म्हणून वाक्य स्वच्छ आहे.

सगळं इतकं स्वच्छ नेहमी नसतं. एक प्रसंग कल्पून तो पायरीपायरीने तपासू.

दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. मंगळवारी संध्याकाळी व्यापारी बागेत उभा राहून धाकट्या भावाला सांगतो, "मी उद्या इथे येतो. तुम्ही माणसं सांगून ठेवा." इथे बिंदू एकच आहे: व्यापारी, बाग, मंगळवार. 'उद्या' म्हणजे बुधवार.

मंगळवारी रात्री धाकटा बागेतूनच थोरल्याला फोन करतो. थोरला सातपूरला कारखान्यात कामाला आहे. "व्यापारी म्हणाला की मी उद्या इथे येतो." शब्द जसेच्या तसे आहेत. 'उद्या' अजून बुधवारच आहे, कारण दिवस बदललेला नाही. 'इथे' अजून बागच आहे, कारण धाकटा तिथेच आहे. फक्त 'मी' हलला, आणि तो हलल्याचं थोरल्याला लगेच कळतं, कारण बागेत आधीच असलेला धाकटा बागेत 'येणार' नाही. तीनपैकी दोन गोष्टी दोन्ही बिंदूंवरून सारख्याच आहेत म्हणून निरोप नीट पोचला. यात सांगणाऱ्याचं कौशल्य काही नाही.

बुधवारी सकाळी थोरला पंचवटीत राहणाऱ्या आईला सांगतो, "तो व्यापारी म्हणाला की मी उद्या इथे येतो." तेच शब्द, पण आता काहीच सारखं नाही. दिवस उलटला आहे, म्हणून आईच्या लेखी 'उद्या' म्हणजे गुरुवार. थोरला आईसमोर उभा आहे, म्हणून 'इथे' म्हणजे पंचवटीतलं घर. आई गुरुवारी व्यापारी घरी येणार म्हणून थांबते, आणि बुधवारी बागेत माणसांना चहा-नाश्ता पोचवायचा राहून जातो. कुणीही खोटं बोललेलं नाही, कुणी एक शब्द बदललेला नाही. चूक शब्द न बदलण्यातच आहे.

थोरल्याने काय करायला हवं होतं? प्रत्येक पायरीला तीन प्रश्न विचारायचे: हे मूळ कोण म्हणालं, कुठे उभं राहून, कधी. आणि मग आपल्या बिंदूवरून वाक्य नव्याने बांधायचं: "व्यापारी आज बागेत येणार आहे." 'मी' गेला, 'इथे'च्या जागी बागेचं नाव आलं, 'उद्या'चा 'आज' झाला. 'म्हणाला' ठेवायचंच असेल, तर "व्यापारी आज बागेत येतो म्हणाला" हेही चालतं, आणि ते अगदी नैसर्गिक मराठी आहे.

या शेवटच्या वाक्यात एक गंमतीची गोष्ट दडलेली आहे. 'येतो' मूळ व्यापाऱ्याच्या तोंडचं आहे, पण 'आज' थोरल्याचं आहे. व्यापारी 'उद्या' म्हणाला होता. म्हणजे मराठीत माणसाचं रूप मूळ बोलणाऱ्याच्या बिंदूवर ठेवून दिवसाचा शब्द सांगणाऱ्याच्या बिंदूवर आणता येतो. झाझाकीसारखं 'सगळे एकत्र' हे बंधन आपल्याकडे 'मी' आणि 'तू' यांच्यात बरंच पाळलं जातं असं मला माझ्या कानावरून वाटतं, पण 'मी' आणि 'उद्या' यांच्यात ते सैल आहे. म्हणूनच दुसऱ्याचं बोलणं ऐकताना 'मी' कोण हे कळलं, तरी 'उद्या' कोणता हे त्यावरून ठरत नाही. तो वेगळा विचारावा लागतो. 'परवा'ला तर दुहेरी अडचण: तो मागचाही असतो आणि पुढचाही. 'आला' की 'येणार' यावरून बाजू कळते, पण कुणाच्या आजपासून मोजायचा हे नाहीच कळत.

माणसाच्या बाबतीत क्रियापद बरीच मदत करतं. हीच बातमी आई शेजारणीला सांगते, "व्यापारी म्हणाला की मी आज बागेत येतो." आई स्वतःबद्दल बोलत असती, तर 'येते' म्हणाली असती. 'येतो'मुळे 'मी' तिचा नाही हे पक्कं होतं. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो' म्हणतात, तिथे ही खूण कामाची नाही.) 'येईन' आणि 'येईल' यांतला फरकही असाच उपयोगी. पण भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की या खुणा पुसल्या जातात, कारण तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणे नव्हे, कर्माप्रमाणे चालतं. "व्यापारी म्हणाला की मी पावतीवर सही केली." 'सही' स्त्रीलिंगी म्हणून 'केली'. कर्ता पुरुष आहे की बाई, बोलणारा आहे की दुसरा, याचा मागमूस क्रियापदात उरलेला नाही. सही व्यापाऱ्याने केली की हे वाक्य सांगणाऱ्या धाकट्याने? दोन्ही शक्य आहेत, आणि पैशाच्या व्यवहारात हा फरक किरकोळ नाही. माझ्या मते दुसऱ्याचं बोलणं सांगताना मराठीतली सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे. अशा वेळी 'की' सोडून द्यावा. "व्यापाऱ्याने स्वतः सही केल्याचं सांगितलं" किंवा "व्यापाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे सही माझी आहे" यांत शंकेला जागा उरत नाही.

वर्तमानपत्रांच्या मराठीने या अडचणीवर एक सुंदर उपाय काढला आहे, 'आपण'. "आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी सांगितले." इथे 'आपण' म्हणजे ना वाचक, ना बातमीदार, ज्याचं बोलणं सांगितलं जातं तोच. 'मी' लिहिलं तर अवतरण वाटेल, 'ते' लिहिलं तर दुसरा कुणी असेल अशी शंका येईल. 'ते निवडणूक लढवणार नाहीत, असे त्यांनी सांगितले' यातला 'ते' एखादा सहकारीही असू शकतो. 'आपण'मध्ये ती शंका नाही. बोलणाऱ्याने स्वतःविषयी बोलल्याची खूण म्हणून खास रूप वापरणाऱ्या भाषा पश्चिम आफ्रिकेतही आहेत. तिथल्या एवे भाषेतलं 'ये' हे सर्वनाम याच कामासाठी अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. मराठी 'आपण' हे काम करतो, फक्त तो एवढंच एक काम करत नाही.

कारण 'आपण'चा रोजचा अर्थ 'मी आणि तू मिळून' असा आहे. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो, आणि हा भेद मराठीत फार पक्का आहे. शिवाय आदराने समोरच्याला 'आपण' म्हणतात, ते वेगळंच. म्हणून घरात कुणी सांगितलं की "आपण लग्नाला जाणार नाही, असं अण्णांनी सांगितलं", तर तीन अर्थ निघतात. अण्णा एकटे जाणार नाहीत. किंवा अण्णा आणि ज्याला त्यांनी हे सांगितलं तो जाणार नाही. किंवा ऐकणाऱ्यासकट आपल्यापैकी कुणीच जाणार नाही. छापील बातमीत पहिला अर्थच मनात येतो, कारण तिथे वाचकाला सामील करून घेण्याचा प्रश्न नसतो. घरगुती बोलण्यात तिसरा अर्थ आधी डोकावतो. हीच बातमीची ओळ कुणी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली तर ऐकणारे चमकतात, त्याचं कारण हे आहे.

बातम्यांमध्ये दिवसाबद्दलही अशीच काळजी घेतलेली दिसते. बातमी लिहिली जाते आदल्या संध्याकाळी आणि वाचली जाते सकाळी, म्हणून 'आज' आणि 'काल' टाळून 'सोमवारी' लिहितात, काही ठिकाणी कंसात तारीखही देतात. लिहिण्याची वेळ आणि वाचण्याची वेळ वेगळी असते हे अमेरिकन भाषातज्ज्ञ चार्ल्स फिलमोर याने १९७१ मधल्या डायक्सिसवरच्या व्याख्यानांत नीट मांडलं. छपाईच्या धंद्यातल्या लोकांना ते कामातूनच कळलेलं होतं.

मोबाइलवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या निरोपांमध्ये मात्र ही काळजी कुणीच घेत नाही, आणि तिथे 'म्हणाला' हा शब्दही नसतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाच्या परिसरात पाणी चढतं. दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजायची नाशिककरांची सवय जुनी आहे. अशा दिवशी एखादा निरोप निघतो: "आज रात्री पाणी सोडणार आहेत. पलीकडच्या लोकांनी गाड्या काढून घ्या. आम्ही इथेच आहोत, मदत लागली तर सांगा." लिहिणारा जुन्या नाशिकमध्ये आहे, दिवस सोमवार, वेळ दुपारची. मंगळवारी दुपारी पंचवटीतला कुणीतरी तो पुढे पाठवतो. आता 'आज रात्री' म्हणजे मंगळवारची रात्र झाली, आणि 'पलीकडच्या' म्हणजे जुन्या नाशिकच्या लोकांनी. ज्यांच्या गाड्या धोक्यात होत्या ते पंचवटीचे लोक निर्धास्त राहिले, आणि पलीकडचे विनाकारण धावले. सांगताना निदान 'तो म्हणाला' असतं, त्यामुळे दुसरा बिंदू आहे एवढं तरी ऐकणाऱ्याला कळतं. पुढे ढकललेल्या निरोपात ती खूणही उरत नाही. सगळं पाठवणाऱ्याच्या बिंदूवरून वाचलं जातं.

दुरुस्ती पुढे पाठवणाऱ्याने करायची नाही, कारण त्याला मूळ बिंदू माहीत नसतो. ती लिहिणाऱ्यानेच करायला हवी: "सोमवार, १४ जुलै, रात्री धरणातून पाणी सोडणार आहेत. पंचवटीच्या बाजूच्या घाटावरच्या गाड्या काढून घ्या." दिवसाला तारीख, बाजूला नाव. 'आम्ही इथेच आहोत' हे असं नुसतं नाव घालून सुधारत नाही. त्यासाठी मंडळाचं नाव, जागा आणि कुणाला फोन करायचा ते लिहावं लागतं, आणि किती वाजेपर्यंत तेही. तेवढं लिहिता येत नसेल, तर ते वाक्य काढून टाकणं बरं. ते पुढे गेलं की मदत लागलेला माणूस ज्याच्याकडून निरोप आला त्यालाच फोन करतो, आणि तो बिचारा त्या 'आम्ही'मध्ये कधीच नसतो.